टोमॅटोच्या रोपांची जांभळी पानं: भूक की गारठा?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. सकाळी आठच्या सुमारास शेजारच्या काकू हाक मारत आमच्या गच्चीवर आल्या. इंदूरच्या राजेंद्रनगरात आमची घरं इतकी खेटून आहेत की एकीच्या गच्चीवर काय उगवतंय हे दुसरीला आपोआप कळतं. काकूंच्या हातात ट्रेमधून मातीसकट उचललेलं टोमॅटोचं एक रोप होतं. चार बोटं उंच, पानं वरून ठीक हिरवी. त्यांनी पान उलटं केलं तर पाठ चक्क जांभळाच्या सालीसारखी.

"अगं, हे बघ. फॉस्फरस कमी पडला की असं होतं म्हणतात. ह्यांनी छावणीच्या बाजारातून डीएपी खत आणलंय. चमचाभर विरघळवून घालू का सगळ्यांना?"

मी म्हटलं, काकू, आज काहीच घालू नका. आधी रात्री ट्रे कुठे ठेवता ते सांगा.

काकूंनी ऐकलेलं चूक नव्हतं. फॉस्फरस कमी पडला की रोपाची पानं जांभळी होतात, हे शेतीच्या कुठल्याही पुस्तकात सापडेल. पण थंडीनेही ती जांभळी होतात आणि रंग दोन्ही वेळा अगदी तोच असतो. माळव्यातल्या हिवाळ्यात गच्चीवर रोपं करणाऱ्यांची इथेच फसगत होते. खत नको असतं तेव्हा घातलं जातं, आणि फेब्रुवारीत खरंच भूक लागते तेव्हा "थंडीमुळे असेल, जाईल" म्हणून सोडून दिलं जातं.

तो रंग येतो कुठून, हे एकदा समजलं की पुढचं सोपं होतं. जांभूळ, लाल कोबी आणि जांभळ्या वांग्याची साल यांना रंग देणारं जे द्रव्य आहे, तेच या पानात असतं. त्याला अँथोसायनिन म्हणतात. ते पानाच्या वरच्या किंवा खालच्या त्वचेतल्या पेशींत, पाण्याने भरलेल्या पिशवीत साठतं. टोमॅटोत ते पानाच्या पाठीवर आणि शिरांच्या कडेने जास्त दिसतं. म्हणून रोप नुसतं वरून बघून भागत नाही, पान उलटावं लागतं.

रोप हे द्रव्य साखरेपासून बनवतं. पान दिवसभर उन्हात साखर तयार करतं आणि ती साखर शेंड्याकडे आणि मुळांकडे जायला हवी, कारण वाढ तिथे चाललेली असते. साखर वेळेवर उचलली गेली तर पान हिरवं राहतं. उचल थांबली की पानात साखर तुंबते. शिवाय वरून ऊन येतच असतं आणि त्या उन्हाचं काय करायचं हे पानाला कळेनासं होतं. अशा वेळी पान तुंबलेल्या साखरेतली थोडी खर्चून हे जांभळं द्रव्य बनवतं आणि ते आतल्या हरितद्रव्यावर पडद्यासारखं ओढून घेतं. म्हणजे जांभळा रंग हा रोग नव्हे. आत माल पडून आहे आणि उचल होत नाही, एवढंच तो सांगतो. उचल का होत नाही, हे तो सांगत नाही.

उचल थांबण्याची पहिली वाट फॉस्फरसची. पानातल्या हिरव्या कणातून साखरेचा तुकडा बाहेर पडायचा तर त्याच्या बदल्यात फॉस्फेटचा एक कण आत यावा लागतो. देवाणघेवाणीचा रोकडा व्यवहार आहे, उधारी चालत नाही. फॉस्फेट नसेल तर साखर आतच अडकते आणि तिचा स्टार्च होऊन पडून राहतो. दुसरीकडे नवीन पेशी बनवायलाही फॉस्फरस लागतो, तोही नाही, म्हणजे साखरेला बाहेर गिऱ्हाईकही नाही.

दुसरी वाट थंडीची. टोमॅटो मूळचा उबदार हवेतला. पारा दहाच्या आसपास आला की त्याची वाढ जवळजवळ थांबते. आता आपल्याकडचा हिवाळा बघा. इंदूरला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान साधारण १० अंशांच्या आसपास असतं, थंडीच्या लाटेत ते चार-पाचपर्यंत उतरतं, आणि त्याच दिवशी दुपारी आभाळ निरभ्र असून पारा पंचविशीला टेकतो. दुपारी पान मस्त ऊन खाऊन साखर बनवतं, रात्री ती न्यायला शेंडा आणि मुळं जागी नसतात. जांभळा रंग यायला याहून चांगली हवा मागूनही मिळणार नाही. मुंबईत एवढा फरक पडत नाही, त्यामुळे तिकडच्या नणंदेला हा प्रश्नच माहीत नाही.

इथपर्यंत दोन वेगळी कारणं आहेत असं वाटतं. पण खरी गंमत पुढे आहे, कारण ही दोन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत. नत्र पाण्याबरोबर वाहत मुळाशी येतं. फॉस्फेट तसं येत नाही, ते मातीच्या कणाला चिकटून बसतं आणि हलतं ते फार तर एखाद-दोन मिलिमीटर. त्यामुळे फॉस्फरस मुळाकडे येण्याऐवजी मुळालाच वाढत जाऊन तो गाठावा लागतो. माती गार असेल तर मूळ वाढत नाही, मूळ वाढलं नाही तर फॉस्फरस हाती लागत नाही. म्हणजे मातीत भरपूर असूनही रोप उपाशी. ताट वाढलेलं आहे, पण हात गारठलेत. अशा रोपाची पानं प्रयोगशाळेत तपासली तर त्यांत फॉस्फरस कमीच निघेल, आणि तरीही खत घालणं हा त्यावरचा पहिला उपाय नाही.

म्हणून "फॉस्फरस की थंडी" असं न विचारता मी विचारते, ही भूक ऊब मिळाली की आपोआप भागेल का? भागणार असेल तर ती थंडीची. नसेल तर ताटच रिकामं आहे.

काकूंना मी तीन गोष्टी विचारल्या. पहिली, हे कधी दिसलं? "परवापर्यंत काही नव्हतं. दोन दिवसांत सगळा ट्रे झाला." हे फार बोलकं उत्तर आहे. भूक कधी दोन रात्रींत सगळ्या ट्रेवर येत नाही. आधी वाढ मंदावते, मग पान बारीक राहतं, मग आठवड्या-दहा दिवसांत रंग चढतो. थंडी मात्र एका लाटेत सगळ्यांना एकदम गाठते.

दुसरी, कुठल्या पानांवर आहे? फॉस्फरस रोपाच्या आत फिरवता येतो. टंचाई आली की रोप जुन्या पानांतून काढून नव्या शेंड्याला देतं, त्यामुळे उपाशी रोपाची खालची पानं आधी जांभळी होतात आणि शेंडा त्यामानाने बरा राहतो. थंडीला जुनं-नवं कळत नाही, तिला उघडं-झाकलं कळतं. जे पान आकाशाकडे तोंड करून आहे ते जास्त जांभळं, जे दुसऱ्या पानाच्या आड आहे ते कमी. काकूंच्या ट्रेत कठड्याकडच्या दोन ओळी गडद होत्या आणि भिंतीकडच्या फिक्या. भुकेने ओळी निवडल्या नसत्या. मात्र खालची-वरची ही खूण रोपाला निदान चार-पाच खरी पानं असतील तरच भरवशाची. दोन पानांच्या रोपात खालचं कोण आणि वरचं कोण?

तिसरी, रोप खुरटलंय का? हे नुसतं पाहून ठरत नाही, त्याच तारखेला पेरलेल्या चांगल्या रोपाशेजारी ठेवून बघावं लागतं. उपाशी रोपाचं एक गमतीचं लक्षण म्हणजे ते आधी जास्तच हिरवं दिसतं. पानाचा पसारा थांबतो पण हरितद्रव्य बनत राहतं, त्यामुळे लहानशा पानात ते दाटतं आणि पान निळसर, काळपट हिरवं, निस्तेज होतं. खोड सुतळीसारखं बारीक राहतं. अनुभवी माळी या काळपटपणावरूनच ओळखतात. थंडीच्या रोपाचं खोड त्याच्या वयाच्या मानाने ठीक असतं, कारण परवापर्यंत ते व्यवस्थित वाढत होतं.

इथे दोन खोटे इशारे बाजूला काढते. टोमॅटोच्या अगदी लहान रोपाचा मातीलगतचा दांडा मुळातच जांभळट असतो, बहुतेक जातींत. त्याला काहीही झालेलं नसतं. आणि बी उगवून आठवडाच झाला असेल तर मातीतल्या फॉस्फरसला दोष देण्यात अर्थ नाही, कारण तोवर रोप बियातल्या शिदोरीवर जगत असतं. आंब्याची, गुलाबाची कोवळी तांबूस पालवी तर वेगळाच विषय. ती वयाबरोबर हिरवी होते.

काकूंची तिन्ही उत्तरं थंडीकडे बोट दाखवत होती. तरी मी त्यांना म्हटलं, माझ्या शब्दावर जाऊ नका, बारा रोपं द्या, दहा दिवसांत रोपंच सांगतील. ही चाचणी घरी कुणालाही जमते, पण त्यात दोन जागी घसरायला होतं, म्हणून ती सावकाश सांगते.

सारखी दिसणारी बारा रोपं घेतली आणि तीन-तीनच्या चार टोळ्या केल्या. पहिली टोळी रात्री गच्चीवरच, खताविना. दुसरी गच्चीवर, पण खत देऊन. तिसरी रात्री घरात, खताविना. चौथी रात्री घरात आणि खत देऊन.

पहिली घसरगुंडी अशी की लोक तिसरी-चौथी टोळी सरळ खिडकीत नेऊन ठेवतात आणि तिथेच राहू देतात. मग रंग उतरतो आणि सगळे म्हणतात, बघा, ऊब मिळाली. पण घरात ऊबही वाढली आणि ऊनही कमी झालं. कमी उजेडात पडद्याची गरजच नाही, त्यामुळे खरोखर उपाशी असलेल्या रोपाचा रंगही थोडा उतरू शकतो. म्हणून दिवसा चारही टोळ्या एकाच उन्हात, शेजारी-शेजारी. संध्याकाळी पाचला फक्त दोन टोळ्या आत न्यायच्या आणि सकाळी नऊला पुन्हा बाहेर आणायच्या. कंटाळवाणं काम आहे. काकूंच्या नातवाला रोज पाच रुपये देऊन ते करवून घेतलं.

दुसरी घसरगुंडी खताची. डीएपीत फॉस्फरसबरोबर १८ टक्के नत्र असतं. त्याने रोप सुधारलं तर ते फॉस्फरसने की नत्राने, हे कळणार नाही. त्यातून डीएपी कोवळ्या मुळांना वाईट. विरघळताना त्यातून अमोनिया सुटतो आणि आपल्याकडच्या क्षारीय मातीत जरा जास्तच सुटतो. इवल्याशा खळग्यातल्या मुळाला पळायला जागा नसते. पानांच्या कडा भाजल्यासारख्या होतात आणि मग लोकांना वाटतं की थंडीने जळलं. म्हणून मी ०:५२:३४ हे विरघळणारं खत वापरते. ठिबकवाल्यांच्या दुकानात ते किलोच्या पिशवीत मिळतं, त्यात नत्र अजिबात नसतं. रोपांना लिटरला अर्धा ग्रॅम पुरतो. घरच्या काट्यावर अर्धा ग्रॅम मोजता येत नाही, तेव्हा पाच ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवायचं, त्यातलं १०० मिली घ्यायचं आणि साधं पाणी घालून एक लिटर करायचं. या पाण्याने दुसऱ्या आणि चौथ्या टोळीला एकदा चांगलं भिजवायचं आणि पाच दिवसांनी पुन्हा एकदा. बाकीच्या दोघींना त्याच वेळी तेवढंच साधं पाणी, म्हणजे पाण्याचा फरक मध्ये येत नाही.

आता काय बघायचं? जुनं जांभळं पान बघायचं नाही. ते हिरवं होईल किंवा होणारही नाही, त्यावरून काही ठरत नाही. चाचणी सुरू केल्याच्या दिवशी शेंड्याच्या सगळ्यात नव्या पानाच्या देठाला बारीक दोरा बांधून ठेवायचा. दोऱ्याच्या वर जे उगवेल तेच आपलं उत्तर. त्याची पाठ बघायची.

त्या दहा दिवसांत मी आणखी एक केलं. माशांच्या टाकीला लावायचा साधा तापमापक ट्रेच्या मिश्रणात खोचून सकाळी साडेसहाला बघितला. कठड्याजवळच्या ट्रेत ६ अंश, घरात १६. त्या दिवशी पेपरात शहराचं किमान तापमान ९ छापलं होतं. हा फरक बघून काकू चकित झाल्या, पण त्यात नवल नाही. ढग नसलेल्या रात्री उघड्या आकाशाखालची वस्तू आपली उष्णता वर सोडत राहते आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होते. पहाटे स्कूटरच्या सीटवर दव जमतं ते यामुळेच. ट्रेच्या एका खळग्यात चहाच्या अर्ध्या कपाएवढंही मिश्रण नसतं, त्याला निवायला कितीसा वेळ लागणार! त्यातून काकू संध्याकाळी पाणी घालत, तेही गच्चीच्या टाकीतलं. भिजलेलं मिश्रण रात्री वाफेबरोबर आणखी ऊब गमावतं.

दहाव्या दिवशी निकाल असा निघाला. घरात झोपलेल्या दोन्ही टोळ्यांची नवी पानं स्वच्छ हिरवी होती, खत असो वा नसो, दोघींत फरक सांगता येईना. गच्चीवरची बिनखताची टोळी तशीच जांभळी आणि उंचीही तेवढीच. गच्चीवरची खतवाली टोळी मात्र किंचित बरी दिसत होती. इथे काकू लगेच म्हणाल्या, "बघ, म्हणजे फॉस्फरसही हवाच होता."

नाही ना. गारठलेलं मूळ दूर जाऊ शकत नाही, पण त्याच्या तोंडाशीच दाट फॉस्फेट आणून ठेवलं तर चार घास जास्त जातात, एवढंच त्यातून कळतं. नुसत्या उबेने जे पूर्ण बरं झालं, ते खताने थंडीत अर्धवट झालं. ट्रेच्या मिश्रणात टंचाई असती तर घरातल्या बिनखताच्या टोळीचं नवं पानही जांभळं आलं असतं. ती टोळी म्हणजेच या सगळ्या खटाटोपाचा न्यायाधीश आहे. तुमच्याकडे बारा रोपांचा उत्साह नसेल तर निदान तेवढी तीन रोपं करा.

उलटा निकाल कसा दिसतो, तेही माझ्याकडे आहे, आणि तो माझ्याच गाढवपणाचा. एका वर्षी फेब्रुवारीच्या मध्यात मी मिरची आणि टोमॅटो नुसत्या कोकोपीटमध्ये पेरले. गांडूळखत मिसळायचं राहिलं आणि मी आठ दिवस पुण्याला लग्नाला गेले. कोकोपीटमध्ये पाणी छान धरतं, पण फॉस्फरस म्हणाल तर नावाला. परत आले तेव्हा रोपं तीन आठवड्यांची होती आणि दिसत होती दहा दिवसांची. पानं लहान, काळपट, खालची दोन पानं पाठीवर जांभळी, शेंडा मात्र हिरवा. रात्री १५-१६ अंशांच्या होत्या, म्हणजे गारठ्यावर ढकलायची सोय नव्हती. तरी मी तेच केलं, "अजून गारवा आहे" म्हणत आणखी आठवडा घालवला. नंतर अर्ध्या ट्रेला ०:५२:३४ आणि थोडं नत्र दिलं. सहा दिवसांत त्या अर्ध्या ट्रेचा शेंडा हलला आणि उरलेला अर्धा ट्रे जिथल्या तिथे राहिला. रोपं वाचली, पण लावणी तीन आठवडे लांबली आणि एप्रिलच्या उन्हात फुलं गळली.

घरात ठेवलेल्या दोन्ही टोळ्या जांभळ्याच राहिल्या तर? तर ऊबही नाही आणि खतही नाही, मुळाकडे बघा. रोप अलगद उपसा, मिश्रण पाण्यात हलकेच धुवा. पांढरी, टणक मुळं म्हणजे ठीक. तपकिरी, बोटांत धरल्यावर साल निसटणारी, कुबट वासाची मुळं म्हणजे पाणी जास्त झालंय आणि मूळ सडतंय. सडलेलं मूळ ना फॉस्फरस घेतं ना साखर, त्यामुळे पान जांभळंच होतं. गच्चीवर या तिसऱ्या कारणाचे बळी मला थंडीइतकेच दिसतात. लोक प्रेमाने पाणी घालत राहतात.

ट्रेमधून वाफ्यात, म्हणजे खऱ्या काळ्या मातीत गेलं की गणित थोडं बदलतं. माळव्याची काळी माती क्षारीय, सामू, म्हणजे पीएच, बहुधा साडेसातच्या वर. तिच्यात चुना असतो आणि तो फॉस्फेटला धरून ठेवतो. घातलेल्या खतातला बराच भाग काही आठवड्यांत रोपाला सहज मिळेनासा होतो. त्यामुळे इथे खरी टंचाई असू शकते, पण ती पानाच्या रंगावरून ठरवू नये. माती परीक्षण करून घ्यावं. क्षारीय मातीसाठी ओल्सन पद्धत वापरतात. अहवालात उपलब्ध स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, हेक्टरी १० किलोच्या खाली असेल तर कमी, १० ते २५ मध्यम आणि त्यावर भरपूर असं धरतात. हे आकडे पी, म्हणजे नुसत्या फॉस्फरसचे आहेत, तेव्हा अहवालात आकडा पी म्हणून दिलाय की पी-टू-ओ-फाइव्ह म्हणून, हे आधी बघा. दुसऱ्या प्रकारचा असेल तर ०.४४ ने गुणल्यावर पहिला मिळतो. या एका चुकीने कितीतरी जण मध्यम मातीला श्रीमंत समजून बसतात.

परसात वर्षानुवर्षं शेणखत टाकलेलं असेल तर आकडा बहुधा भरपूरमध्येच निघतो. तिथे जानेवारीत पान जांभळं झालं तर खत घालू नका. जास्तीचा फॉस्फरस जस्त आणि लोह अडवतो, मग नवी पानं पिवळी पडतात आणि एका दुखण्यातून दुसरं निघतं.

आकडा खरंच कमी असेल तर सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. त्यात १६ टक्के पी-टू-ओ-फाइव्ह असतं. चौरस मीटरला साधारण ४० ग्रॅम पुरतं, म्हणजे हेक्टरी ६० किलोच्या हिशेबाने. पण ते वरून भुरभुरू नका. फॉस्फेट खाली उतरत नाही हे आपण पाहिलंच. लावणीच्या वेळी ओळीच्या बाजूला दोन बोटं आणि तेवढंच खोल, पट्ट्यात घाला, म्हणजे चुन्याशी गाठ कमी पडते आणि मुळाला लवकर सापडतं. हाडांचा चुरा मात्र इथे जवळजवळ वाया जातो. तो विरघळायला आम्ल माती लागते. कोकणात चालेल, माळव्यात तो वर्षभर पांढरे खडे होऊन पडून राहतो. तरी दर दुसरा माणूस तोच सुचवतो.

कंपोस्टबद्दल एक. इंदूरकरांना त्याचा अभिमान असायला हरकत नाही. १९२४ साली इथे सुरू झालेल्या वनस्पती संशोधन संस्थेत ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची जी रीत बसवली, ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. पण कंपोस्टमधला बराचसा फॉस्फरस सेंद्रिय रूपात असतो, तो जिवाणूंनी मोकळा केला की मगच रोपाला मिळतो, आणि गार मातीत ते जिवाणूही आळसावतात. म्हणून ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच मिसळून ठेवायचं. जानेवारीत जांभळी पानं बघून टाकलेलं कंपोस्ट मार्चच्या पिकाला कामाला येतं.

थंडीच ठरली तर काय करायचं, ते थोडक्यात. ट्रे कठड्यावरून काढून पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत ठेवा, ती भिंत दुपारचं ऊन रात्रभर सोडत राहते. फरशीवर थेट नको, खाली लाकडी फळी किंवा थर्माकोल हवा. पाणी सकाळी दहा-अकराला द्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरचा थर सुकतो. पाच वाजता चार काड्या खोचून त्यांवर जुनी साडी किंवा चादर पसरा, म्हणजे रोप आणि उघडं आकाश यांच्यात काहीतरी येतं. कापड पानांना टेकू देऊ नका आणि सकाळी नऊला न विसरता काढा. किंचित जांभळेपणा राहिला तर राहू दे. असं रोप थोडं कणखरही झालेलं असतं. घाबरायचं ते दव गोठवणाऱ्या थंडीला. चादर नसेल आणि पारा दोन-तीनवर जाणार असेल तर सरळ ट्रे घरात घ्या.

काकूंनी चादर लावली आणि रोपं १८ जानेवारीला वाफ्यात गेली. फेब्रुवारीत मी बघितलं तेव्हा झाडं गुडघ्याएवढी होती. बुडाशी दोऱ्याची गाठ अजून होती. तिच्याखालची दोन पानं शेवटपर्यंत जांभळटच राहिली आणि पिकून गळाली, वरचं सगळं हिरवं. आणलेली डीएपीची पिशवी काकांनी गावाकडे मक्याला पाठवली.